पर्याप्त कारणाचे तत्त्व आणि सर्वोत्तम शक्य जग

पर्याप्त कारणाचे तत्त्व हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील एक मूलभूत तत्त्व आहे. कोणतीही गोष्ट कारणावाचून असत नाही; ती आहे तशीच का आहे आणि निराळी का नाही, याचे पुरेसे कारण असतेच, मग ते माणसाला उमगो वा न उमगो, असे हे तत्त्व सांगते. जर्मन तत्त्वज्ञ व गणिती गोटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ (१ जुलै १६४६ – १४ नोव्हेंबर १७१६) यांनी या तत्त्वाला आपल्या विचारव्यूहात मध्यवर्ती स्थान दिले. याच तत्त्वाच्या आधारे त्यांनी 'आपले जग हे सर्व शक्य जगांतील सर्वोत्तम जग आहे' हा प्रसिद्ध सिद्धांत मांडला.

हा सिद्धांत अनेकदा भाबड्या आशावादाचा नमुना म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो जगातील सुखदुःखांची मोजदाद करून काढलेला निष्कर्ष नाही. 'कारणावाचून काहीच नसते' हे मान्य केले आणि जग निर्माण करणारा ईश्वर सर्वज्ञ, सर्वशक्तिमान व पूर्णतः चांगला आहे हेही मान्य केले, तर हा निष्कर्ष टाळता येत नाही, असे लायब्निझ यांचे म्हणणे होते. त्यामुळे या सिद्धांतावरील गंभीर आक्षेपही मुख्यतः या युक्तिवादाच्या पायऱ्यांवर घेतले गेले आहेत.

## तत्त्वाचा अर्थ

लायब्निझ यांच्या मते आपले सर्व विचार दोन तत्त्वांवर उभे असतात. पहिले अव्याघाताचे तत्त्व : एकच विधान एकाच वेळी सत्य आणि असत्य असू शकत नाही. दुसरे पर्याप्त कारणाचे तत्त्व. १७१४ साली लिहिलेल्या 'मोनॅडॉलॉजी' या छोट्या ग्रंथात त्यांनी ही दोन्ही तत्त्वे शेजारी शेजारी मांडली आहेत.

या दोन तत्त्वांनुसार सत्याचेही दोन प्रकार होतात. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, हे अनिवार्य सत्य आहे. ते नाकारल्यास व्याघात निर्माण होतो. सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली, हे मात्र वस्तुस्थितीविषयक सत्य आहे. सीझर नदीच्या अलीकडेच थांबला असता, तर त्यात कोणताही व्याघात नव्हता. तरीही त्याने नदी ओलांडली. मग ती का ओलांडली, याचे कारण असलेच पाहिजे. अव्याघाताचे तत्त्व काय शक्य आहे ते ठरवते; अनेक शक्य गोष्टींपैकी एकच प्रत्यक्षात का आली, याचा जाब पर्याप्त कारणाचे तत्त्व विचारते.

हा विचार लायब्निझ यांच्यापूर्वीही मांडला गेला होता. प्रत्येक वस्तूच्या अस्तित्वाला किंवा अभावाला कारण असले पाहिजे, असे स्पिनोझा यांनी १६७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'नीतिशास्त्र' या ग्रंथात म्हटले होते. त्यापासून त्यांनी जगातील प्रत्येक गोष्ट अनिवार्य आहे, ती निराळी असूच शकली नसती, असा निष्कर्ष काढला. लायब्निझ यांनी १६७६ साली हेग येथे स्पिनोझा यांची भेट घेतली होती आणि त्यांचे विचार त्यांना ठाऊक होते. तत्त्व तेच ठेवायचे, पण स्पिनोझा यांचा निष्कर्ष टाळायचा, हा प्रयत्न लायब्निझ यांच्या पुढील सर्व मांडणीत दिसतो.

## कारणांची साखळी आणि तिचा शेवट

एखाद्या घटनेचे कारण तिच्या आधीची घटना, तिचे कारण त्याहून आधीची घटना, असे मागे जात राहिल्यास तत्त्वाची मागणी पूर्ण होते का, असा प्रश्न उद्भवतो. लायब्निझ यांचे उत्तर नकारार्थी आहे. १६९७ सालच्या एका निबंधात त्यांनी यासाठी भूमितीच्या पुस्तकाचे उदाहरण दिले आहे. समजा, भूमितीचे एक पुस्तक अनादी काळापासून अस्तित्वात आहे आणि प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीवरून उतरवून घेतलेली आहे. आज हाती असलेली प्रत अशी का, याचे उत्तर आधीची प्रत दाखवून देता येते. परंतु अशी पुस्तके मुळात का आहेत आणि त्यांत नेमका हाच मजकूर का आहे, याचे उत्तर कितीही मागच्या प्रतीपर्यंत गेले तरी मिळत नाही.

जगाच्या अवस्थांचेही तसेच आहे. प्रत्येक अवस्था आधीच्या अवस्थेची जणू नक्कल असते. साखळी अनंत असली तरी ती साखळीच का आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून जगाचे अंतिम कारण साखळीच्या बाहेर, ज्याचे अस्तित्व अनिवार्य आहे अशा सत्तेत असले पाहिजे, असे लायब्निझ म्हणतात. या सत्तेलाच ते ईश्वर म्हणतात. 'काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?' हा तत्त्वज्ञानातील प्रसिद्ध प्रश्न त्यांनी १७१४ साली याच संदर्भात विचारला.

## निवडीचा युक्तिवाद

'सर्वोत्तम जग' हा निष्कर्ष पुढील पायरीवर येतो. ईश्वराच्या बुद्धीत असंख्य शक्य जगे असतात. येथे 'जग' याचा अर्थ एखादा ग्रह असा नाही. परस्परांशी सुसंगत अशा सर्व वस्तूंचा आणि घटनांचा, आरंभापासून अखेरपर्यंतचा संपूर्ण समूह म्हणजे एक जग. अशा जगांपैकी एकच प्रत्यक्षात आले आहे. मग तेच का निवडले गेले?

पर्याप्त कारणाच्या तत्त्वानुसार ही निवड अकारण असू शकत नाही. ते कारण ईश्वराच्या बाहेरचे असू शकत नाही, कारण निर्मितीपूर्वी त्याच्यावर सक्ती करणारे दुसरे काही नसते. ते त्याच्या लहरीतही असू शकत नाही, कारण कारणावाचून केलेली निवड म्हणजेच लहर. म्हणून कारण जगांच्या गुणवत्तेतील फरकात असले पाहिजे. सर्वज्ञ असल्यामुळे ईश्वराला सर्वोत्तम जग ठाऊक असते, चांगला असल्यामुळे तो ते निवडतो आणि सर्वशक्तिमान असल्यामुळे ते निर्माण करू शकतो. म्हणून जे जग अस्तित्वात आहे, ते सर्वोत्तमच असले पाहिजे.

या युक्तिवादावर एक आक्षेप सहज सुचतो. सर्वांत मोठी संख्या जशी नसते, तसे सर्वोत्तम जगही नसेल. कोणत्याही जगाहून थोडे अधिक चांगले जग कल्पिता येत असेल, तर काय? लायब्निझ यांनी १७१० साली प्रसिद्ध केलेल्या 'थिओडिसी' या ग्रंथात याला दिलेले उत्तर त्यांच्या विचाराची दिशा स्पष्ट करते. जगांमध्ये सर्वोत्तम असे काही नसते, तर कोणतेही एक जग निवडण्यास ईश्वराकडे पुरेसे कारण नसते आणि त्याने एकही जग निर्माण केले नसते. परंतु जग तर आहे. म्हणून सर्वोत्तम जगही असले पाहिजे. येथे जगाचे चांगलेपण अनुभवाने सिद्ध केलेले नाही. जगाच्या निव्वळ असण्यावरून ते अनुमानिले आहे. पर्याप्त कारणाचे तत्त्व काढून घेतले, तर हे उत्तर तत्काळ कोसळते.

नेमक्या याच ठिकाणी इंग्रज धर्मशास्त्रज्ञ सॅम्युएल क्लार्क यांनी लायब्निझ यांना विरोध केला. या दोघांचा पत्रव्यवहार १७१५–१६ मध्ये, लायब्निझ यांच्या मृत्यूपर्यंत चालला. दोन्ही पारड्यांत सारखेच वजन असलेला तराजू स्थिर राहतो, कारण तो एकाच बाजूला झुकण्याचे कारण नसते, हे आर्किमिडीजच्या ग्रंथातील उदाहरण लायब्निझ यांनी तत्त्वाच्या समर्थनार्थ दिले. क्लार्क यांनी प्रत्येक गोष्टीला पुरेसे कारण असते हे तत्त्व मान्य केले. परंतु ईश्वराची केवळ इच्छा हेच पुष्कळदा ते कारण असते, असे त्यांचे म्हणणे होते. तराजू जड आहे, कर्ता नव्हे. कर्ता दोन सारख्या पर्यायांतूनही एक निवडू शकतो. लायब्निझ यांच्या दृष्टीने असे म्हणणे म्हणजे तत्त्व शब्दाने स्वीकारून अर्थाने नाकारणे होते. क्लार्क यांचे म्हणणे मान्य केल्यास ईश्वर कोणतेही जग निवडू शकतो आणि सर्वोत्तम जगाचा निष्कर्ष निघत नाही.

## 'सर्वोत्तम' याचा अर्थ

सर्वोत्तम जगाचा लायब्निझ यांचा निकष सर्वाधिक सुखाचा नाही. १६८६ सालच्या 'तत्त्वमीमांसेवरील प्रबंध' या लेखनात त्यांनी म्हटले आहे की, नियमांनी सर्वांत साधे आणि घटनांनी सर्वांत समृद्ध असे जग हे सर्वाधिक परिपूर्ण असते. थोड्या साध्या नियमांतून जास्तीत जास्त विविधता निर्माण व्हावी, हा तो निकष आहे. गणितात एकाच लहानशा सूत्रातून गुंतागुंतीचा वक्र निघतो, तसा हा प्रकार आहे.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, संपूर्ण जग सर्वोत्तम असले तरी त्याचा प्रत्येक भाग सर्वोत्तम असेलच असे नाही. दुसरी, मानवाचे सुख हे जगाचे एकमेव प्रयोजन नाही. ईश्वराच्या लेखी सिंहापेक्षा माणसाचे मोल अधिक आहे. परंतु म्हणून एका माणसासाठी तो सिंहांची संपूर्ण जातच नष्ट करील असे निश्चितपणे म्हणता येत नाही, असे 'थिओडिसी'मध्ये म्हटले आहे.

त्याच ग्रंथात अनिष्टाचे तीन प्रकार केले आहेत. निर्मित वस्तूंची अपूर्णता हे तात्त्विक अनिष्ट, दुःख हे भौतिक अनिष्ट आणि पाप हे नैतिक अनिष्ट. पहिले टाळताच येत नाही, कारण पूर्णतः परिपूर्ण वस्तू म्हणजे दुसरा ईश्वरच होईल. उरलेली दोन ईश्वर आपणहून इच्छीत नाही. सर्वोत्तम जगाशी ती निगडित असल्यामुळे केवळ होऊ देतो. 'थिओडिसी' हा शब्दही लायब्निझ यांनीच 'ईश्वर' आणि 'न्याय' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून घडवला.

## सेक्स्टसची कथा

'थिओडिसी'च्या अखेरीस लायब्निझ यांनी एका कथेतून आपला सिद्धांत समजावून दिला आहे. कथेचा पूर्वार्ध पंधराव्या शतकातील इटालियन विद्वान लोरेंझो वाल्ला यांच्या संवादातून घेतला असून उत्तरार्ध लायब्निझ यांनी रचला आहे.

रोमच्या अखेरच्या राजाचा मुलगा सेक्स्टस टार्क्विनिअस आपले भविष्य विचारतो. तू देशोधडीला लागशील, असे त्याला अपोलो देव सांगतो. तेव्हा सेक्स्टस देवाधिदेव ज्युपिटरकडे जाऊन दाद मागतो. रोमचा नाद सोडलास तर तुझे भविष्य निराळे होईल, असे ज्युपिटर सांगतो. पण सेक्स्टसला राजमुकुटाची आशा सोडवत नाही आणि तो रोमकडे निघतो. हे पाहणारा पुजारी थिओडोरस विचारतो, याला निराळी इच्छा का दिली नाही?

उत्तरासाठी थिओडोरसला अथीना देवीच्या मंदिरात पाठवले जाते. तेथे स्वप्नात त्याला दैवाचा महाल दिसतो. महालातील प्रत्येक दालन म्हणजे एक शक्य जग. एका दालनातील सेक्स्टस कॉरिंथला जातो, लहानशी बाग विकत घेतो, बाग खणताना त्याला धन सापडते आणि तो सर्वांचा लाडका होऊन वृद्धापकाळी मरतो. दुसऱ्या दालनातील सेक्स्टस थ्रेसला जाऊन राजकन्येशी विवाह करतो आणि राजा होतो. महालाचा आकार पिरॅमिडसारखा आहे. वर जावे तशी दालने अधिक सुंदर होत जातात. पिरॅमिडला शिखर आहे, पण पाया नाही. खाली तो अनंतापर्यंत उतरत जातो. म्हणजे वाईट जगांना अंत नाही, परंतु चांगल्या जगांत एक सर्वश्रेष्ठ आहे.

शिखरावरचे दालन हेच प्रत्यक्ष जग. तेथील सेक्स्टस रोमला जातो, मित्राच्या पत्नीवर बलात्कार करतो आणि वडिलांसह हाकलला जातो. परंपरेनुसार त्या अत्याचारानंतर रोममधील राजेशाही संपली. सेक्स्टसच्या अपराधातून रोम स्वतंत्र झाले आणि पुढे मोठे राज्य उदयास आले, असे अथीना थिओडोरसला समजावते. ज्युपिटरने सेक्स्टसला दुष्ट बनवले नाही. तो त्याच्या संकल्पनेतच तसा होता. ज्युपिटरने केवळ तो ज्यात आहे असे जग अस्तित्वात आणले.

या कथेतील अडचणीही स्पष्ट दिसतात. रोमच्या वैभवाची किंमत ल्युक्रीशिया या स्त्रीने मोजली. तिच्या बाजूने हा व्यवहार न्याय्य कसा, याचे उत्तर कथेत नाही. तसेच कॉरिंथचा सेक्स्टस आणि रोमचा सेक्स्टस ही एकच व्यक्ती मानता येत नाही. लायब्निझ यांच्याच मतानुसार व्यक्तीच्या पूर्ण संकल्पनेत तिच्या आयुष्यातील प्रत्येक घटना समाविष्ट असते. त्यामुळे कॉरिंथला जाणारा हा सेक्स्टससारखा दुसरा कोणी ठरतो. मग 'सेक्स्टस निराळे वागू शकला असता' या म्हणण्याला किती अर्थ उरतो, हा प्रश्न राहतो.

## अनिवार्यतेचा आक्षेप

हाच प्रश्न संपूर्ण जगाबाबत विचारता येतो आणि तो या सिद्धांतावरील सर्वांत कठीण आक्षेप मानला जातो. ईश्वर अनिवार्यपणे आहे, अनिवार्यपणे चांगला आहे आणि सर्वोत्तम जग कोणते हेही निश्चित आहे, तर त्याने हेच जग निर्माण करणे अनिवार्य ठरते. मग दुसरी जगे केवळ नावापुरती शक्य राहतात आणि लायब्निझ पुन्हा स्पिनोझा यांच्या निष्कर्षाशी येऊन पोहोचतात. असे झाल्यास स्तुती, निंदा आणि शिक्षा यांना आधार उरत नाही.

लायब्निझ यांनी यावर दोन उत्तरे दिली. पहिले असे, की शक्यता ही वस्तूच्या स्वतःच्या स्वरूपावरून ठरते. कॉरिंथच्या जगात अंतर्गत व्याघात नाही. ईश्वराने ते निवडले नाही म्हणून ते अशक्य होत नाही. कारणे इच्छेला कल देतात, सक्ती करीत नाहीत, असे ते म्हणत. दुसरे उत्तर गणितातून घेतले आहे. २ चे वर्गमूळ जसे कोणत्याही अपूर्णांकाने पूर्णपणे मांडता येत नाही, त्याची आकडेमोड अनंत चालते, तसे वस्तुस्थितीविषयक सत्याचे विश्लेषण अनंत असते. त्यामागील कारण निश्चित असते, पण सिद्धता कधीच पूर्ण होत नाही. अनिवार्य सत्याची सिद्धता मात्र मर्यादित पायऱ्यांत संपते.

आधुनिक काळात पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९८३ साली हाच आक्षेप ईश्वराचा आधार न घेता मांडला. जी निराळी असू शकली असती अशा सर्व सत्यांचे मिळून एक मोठे विधान करावे. त्याचे पुरेसे कारण काय? ते कारण निराळे असू शकणारे सत्य असेल, तर ते त्या विधानाचाच भाग आहे आणि स्वतःचेच कारण ठरते. हे मान्य करता येत नाही. ते अनिवार्य सत्य असेल आणि पुरेसेही असेल, तर त्यापासून निघणारे ते मोठे विधानही अनिवार्य ठरते. म्हणजे पर्याप्त कारणाचे तत्त्व कोणताही अपवाद न ठेवता स्वीकारल्यास जगात निराळे असू शकणारे काहीच उरत नाही. तत्त्वाच्या समर्थकांना येथे 'पुरेसे कारण' म्हणजे परिणाम अटळ करणारे कारण, हे गृहीतक नाकारावे लागते.

## लिस्बनचा भूकंप आणि व्होल्तेअर

लायब्निझ यांच्या मृत्यूनंतर क्रिस्टियान वोल्फ यांनी या तत्त्वज्ञानाची पद्धतशीर मांडणी केली आणि ते जर्मन विद्यापीठांत रूढ झाले. 'आशावाद' या अर्थाचा 'ऑप्टिमिझम' हा शब्द याच सिद्धांताला उद्देशून १७३७ साली एका फ्रेंच नियतकालिकातील परीक्षणात वापरला गेला. मुळात त्याचा संबंध उत्साही स्वभावाशी नसून 'सर्वोत्तम' या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी होता.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी लिस्बन शहराला भूकंपाचा धक्का बसला. तो ख्रिस्ती संतांच्या सणाचा दिवस असल्याने चर्चमध्ये गर्दी होती. भूकंपापाठोपाठ समुद्राच्या लाटा आणि आग यांनी शहर उद्ध्वस्त केले. हजारो लोक मरण पावले. व्होल्तेअर यांनी या आपत्तीवर दीर्घ कविता लिहिली आणि १७५९ साली 'कँडिड' ही उपरोधिक कादंबरिका प्रसिद्ध केली. त्यातील पँग्लॉस हा शिक्षक प्रत्येक संकटाला 'पुरेसे कारण' शोधून देतो. त्याचा उपकारकर्ता लिस्बनच्या बंदराजवळ बुडतो, तेव्हा ते बंदर त्याने तेथे बुडावे म्हणूनच निर्माण झाले होते, असे तो सिद्ध करू पाहतो.

या उपरोधाचा रोख लायब्निझ यांच्या सिद्धांतावर कितपत लागू पडतो, हे वेगळे पाहावे लागते. प्रत्येक अनिष्टाचे प्रयोजन माणसाला सांगता येते, असा दावा लायब्निझ यांनी केला नव्हता. जगाच्या अनंत रचनेचा फारच थोडा भाग आपल्याला दिसतो. झाकलेल्या चित्राचा एक कोपरा पाहून चित्राची पारख होत नाही, असे ते म्हणत. पँग्लॉसची चूक 'कारण आहे' यावरून 'कारण मला ठाऊक आहे' येथे उडी मारण्याची आहे. परंतु या बचावाची किंमतही मोठी आहे. कोणतीही आपत्ती सिद्धांताला धक्का लावू शकत नसेल, तर दुःखात असलेल्या माणसाला तो काहीच सांगत नाही. व्होल्तेअर यांच्या टीकेचे खरे बळ येथे आहे.

## नंतरची चर्चा

इमान्युएल कांट यांनी १७५९ साली एका छोट्या लेखात सर्वोत्तम जगाच्या सिद्धांताचे समर्थन केले होते. पुढे त्यांचे मत बदलले. पर्याप्त कारणाचे तत्त्व अनुभवाच्या कक्षेत लागू पडते, संपूर्ण जगाच्या पलीकडे जाऊन त्याचा वापर करता येत नाही, असे त्यांच्या १७८१ सालच्या 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथातील प्रतिपादनावरून निष्पन्न होते. असे मानल्यास जगाच्या अंतिम कारणापर्यंत नेणारी पायरीच निखळते. ईश्वराच्या न्यायाचे तात्त्विक समर्थन करण्याचे सर्व प्रयत्न असफल ठरले आहेत, असे त्यांनी १७९१ साली लिहिले.

विसाव्या शतकात रॉबर्ट मेरिह्यू अॅडम्स यांनी १९७२ साली निराळ्या दिशेने प्रश्न उपस्थित केला : चांगल्या ईश्वराने सर्वोत्तमच निर्माण केले पाहिजे का? जे जीव सर्वोत्तम जगात जन्मलेच नसते, अशांना निर्माण केल्याने कोणावरही अन्याय होत नाही. त्यांचे आयुष्य एकंदरीत जगण्यासारखे असेल, तर ईश्वराची ही कृपाच ठरते. आणि कृपा पात्रतेवर अवलंबून नसते. हे मान्य केल्यास ईश्वराची निवड सर्वोत्तमाशी बांधलेली राहत नाही. मात्र मग असंख्य जगांतून त्याने हेच का निवडले, या प्रश्नाला गुणवत्तेच्या आधारे उत्तर देता येत नाही. म्हणजे क्लार्क यांच्याप्रमाणे निव्वळ इच्छेवर थांबावे लागते, किंवा लायब्निझ यांच्याप्रमाणे कारणाचा आग्रह धरून भूकंप आणि अत्याचार यांसह हे जग सर्वोत्तम मानावे लागते.